माझे रिवायंडिंगचे व्हिडिओ उलटे करून दुसऱ्या चॅनलवर: काढायला लावले, आता समोरच्याने काउंटर टाकलंय

मोटारवाला_सांगली
२० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. सांगलीजवळ माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. २०१९ पासून पाणबुडी मोटारी कशा भरायच्या याचे व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकतोय. आज एका अडचणीत आहे म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

दिवाळीच्या आधी एका शेतकऱ्याचा फोन आला. "दादा, तुमचा व्हिडिओ बघून पोरानं मोटार भरली, चालू होतेय, पण पाणी म्हणावं तसं येत नाही." पोरगा आयटीआय झालेला, हात बरा. मी म्हटलं फेर बघा, म्हणजे मोटार कुठल्या अंगाने फिरते ते. फेर उलटा निघाला. दोन फेज अदलाबदल केल्या आणि पाणी आलं, पण तोवर त्यांनी दोनदा बोअरमधून पाईप वर काढले होते. मजुरी गेली ती गेलीच, वर ऐन पाण्याच्या वेळी पिकाची पाळी चुकली.

मी म्हटलं, माझ्या व्हिडिओत असं होणार नाही. कुठला बघितलात ते पाठवा. लिंक उघडली तर चॅनल दुसराच. हात माझे, टेबल माझं, २४ स्लॉटचा स्टेटर माझा, पण चित्र आरशात बघावं तसं डावं-उजवं उलटं. माझं घड्याळ उजव्या मनगटावर, मागच्या कॅलेंडरवरची अक्षरं उलटी. मी कॉइल ज्या अंगाने बसवत जातो त्याच्या विरुद्ध अंगाने ते बसताना दिसत होतं. त्या पोरानं दिसलं तसं भरलं, त्याची काय चूक?

शोधत गेलो तर त्या एकाच चॅनलवर माझे ११ व्हिडिओ निघाले. यूट्यूब स्टुडिओत `Content detection` मध्ये जाऊन `New removal request` भरली. १० व्हिडिओ गेले. अकराव्यावर त्याने काल, १९ तारखेला, काउंटर टाकलं, म्हणजे माझ्या तक्रारीला उलट उत्तर दिलं. म्हणतो व्हिडिओ त्याचाच आहे. या व्हिडिओत पहिली ४ मिनिटं त्याच्या दुकानाची आहेत हे खरं, पण पुढचं सगळं माझं आहे. मला मेल आलाय की १० दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा द्या, नाहीतर व्हिडिओ परत लागेल.

माझी मुदत २९ तारखेला संपते असं धरून चाललोय. खरंच कोर्टात जावं लागतं का? की मूळ फाइल दाखवून भागतं?

---

निखिल_पिंपरी
२० नोव्हेंबर, रात्री १०:१५

दादा, वाईट वाटलं वाचून. पण मला वाटतं मूळ चूक वेगळीच आहे. कॉपीराइट नोंदवलाय का तुम्ही? नोंदणी नसेल तर कायद्याने तुमचा हक्कच नाही, मग समोरचा काउंटर टाकणारच. माझ्या मामांनी त्यांच्या गाण्याचं केलं होतं तसं करा: सगळे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पाकीट न फोडता ठेवा. आणि १० दिवस नाही, भारतात २१ दिवस असतात. घाबरू नका.

---

एडिसनकर
२० नोव्हेंबर, रात्री ११:०२

मी न्यू जर्सीत असतो, इथून फक्त तारखेबद्दल. मेल परत वाचा, त्यात १० अमेरिकी कामाचे दिवस असं असणार. शनिवार-रविवार धरायचे नाहीत आणि इथली सरकारी सुट्टीही नाही. पुढच्या गुरुवारी २७ ला थँक्सगिव्हिंग आहे. २० तारीख पहिला दिवस धरली तर २१ दुसरा, २४, २५, २६ म्हणजे पाच झाले, २७ सोडा, २८ सहावा, मग १, २, ३ आणि ४ डिसेंबर. म्हणजे २९ नोव्हेंबर नाही, ४ डिसेंबर. तरी वेळेचा फरक आहे, ३ तारखेच्या आत द्या म्हणजे घोळ नको.

---

अनुराधा_व
२१ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मी पुण्यात दिवाणी वकिली करते. मोटारवाला दादा, निखिल यांच्या पोस्टमुळे तुम्ही उगाच हबकाल, म्हणून आधी ते.

कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे व्हिडिओ तयार झाला त्या क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी केली तर कलम ४८ प्रमाणे नोंदवहीतली नोंद हा सकृतदर्शनी पुरावा धरतात, म्हणजे खोटं ठरवायचं ओझं समोरच्यावर जातं. एवढाच फायदा, पण तो छोटा नाही. तुमचे व्हिडिओ कायद्याच्या भाषेत चित्रपटात मोडतात, त्याची फी ५,००० रुपये आणि हरकतींसाठी निदान ३० दिवस थांबावंच लागतं. म्हणजे ४ डिसेंबरच्या आत ते होणार नाही. तो विषय आत्ता डोक्यातून काढा.

स्वतःला पाठवलेल्या पाकिटाला आपल्या कायद्यात वेगळं असं काही स्थान नाही. तुमच्याकडे त्याहून चांगला पुरावा आहे.

२१ दिवसांचं अर्धं बरोबर आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम आहे. हक्कदाराने लेखी तक्रार केली की मध्यस्थ संकेतस्थळाने ३६ तासांत मजकूर बंद करायचा, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत लावता येतो. पण तुम्ही भरलेला फॉर्म त्या वाटेने जात नाही, तो अमेरिकी कायद्याच्या वाटेने जातो आणि तिथली मुदत एडिसनकर म्हणतात तीच. दोन घड्याळं वेगळी आहेत. नियम ७५ ज्या कलमावर उभा आहे त्यात तात्पुरत्या साठ्याची भाषा आहे. व्हिडिओ साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळाला ते कितपत लागू होतं यावर वाद घालता येतो, मी त्याच्या भरवशावर बसणार नाही.

आता तुमचा प्रश्न. या टप्प्यावर मूळ फाइल पाठवून भागत नाही. काउंटर आलं की खरं कोण हे यूट्यूब ठरवत नाही, ते कोर्टावर सोडून बाजूला होतं. तुम्ही दावा दाखल केल्याचं दाखवलं तर व्हिडिओ बंद राहतो, नाही दाखवलं तर परत लागतो. वकिलाची नोटीस म्हणजे दावा नाही, तिने मुदत थांबत नाही. बरेच जण इथेच फसतात.

तीन गोष्टी सांगा. काउंटरमध्ये त्याचं नाव-पत्ता काय आलंय ते इथे लिहू नका, फक्त पूर्ण आलाय का ते सांगा. मूळ फाइल्स कशात आहेत? आणि ते सगळे ११ व्हिडिओ तुमचेच होते, याची खात्री आहे का?

---

कीर्तनवेड
२१ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

माझीही हीच अडचण आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या गावच्या सप्ताहात मी तिपाई लावून कीर्तनं रेकॉर्ड करते आणि माझ्या चॅनलवर टाकते. एका कीर्तनाचा माझा व्हिडिओ तिघांनी उचलला. दोघांचे मी काढायला लावले. तिसरा चॅनल निघाला खुद्द बुवांचा! त्यांच्या मुलाने माझाच व्हिडिओ डाउनलोड करून लावलाय, माझं नाव नाही. त्यांच्यावर रिक्वेस्ट टाकू का? कॅमेरा माझा, मेमरी कार्ड माझं, उन्हात उभी मी.

---

मोटारवाला_सांगली
२१ नोव्हेंबर, दुपारी १:३५

अनुराधाताई, फार आभार. दुकानात बसूनच लिहितोय.

काउंटरच्या मेलमध्ये त्याचं पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड, फोन सगळं आलंय. परराज्यातलं आहे. याआधी मी महिनाभर शोधत होतो की हा आहे कोण.

मूळ फाइल्स मोबाइलवर काढलेल्या आहेत. जुन्या काही गेल्या, कारण जागा भरली की मी पुसायचो. पण या व्हिडिओच्या सगळ्या आहेत, हार्डडिस्कवर. सात तुकडे आहेत, त्यातले दोन मी वापरलेच नव्हते. एकात कॉइल चुकीच्या स्लॉटमध्ये गेली म्हणून परत काढलीय.

आणि अकराच्या अकरा माझे का... दहा तर नक्की. एकात त्याने माझ्या व्हिडिओतले वीस-पंचवीस सेकंद दाखवून "असं वार्निश मारू नका" म्हणून स्वतः बोललाय. रागाच्या भरात तोही यादीत घातला. तो आता गेलेल्या दहामध्ये आहे.

---

अनुराधा_व
२१ नोव्हेंबर, दुपारी २:१०

तो एक आजच मागे घ्या. स्टुडिओत तुमच्या रिक्वेस्टच्या यादीत जाऊन ती मागे घेता येते. टीका-समीक्षेसाठी थोडा भाग दाखवणं आपल्या कलम ५२ मध्ये बसू शकतं. फॉर्मच्या खाली तुम्ही सही म्हणून नाव टाइप केलंत तिथे शपथेवर विधानं होती: माझ्या प्रामाणिक समजुतीप्रमाणे हा वापर परवानगीशिवाय आहे, वगैरे. जाणूनबुजून खोटा दावा केला तर तिकडच्या कायद्यात नुकसानभरपाईची जबाबदारी येते, आपल्याकडेही निराधार धमकीविरुद्ध कलम ६० आहे. आणि व्यवहाराचं सांगायचं तर, उद्या कोर्टात त्याचा वकील नेमका हाच व्हिडिओ उचलेल आणि म्हणेल की हा माणूस टीका बंद करायला निघालाय. तुमच्या दहा खऱ्या तक्रारी त्या एकाखाली झाकल्या जातील.

नाव-पत्ता हातात आलाय ही तुमच्यासाठी मोठी गोष्ट आहे. दावा कोणावर लावायचा हेच लोकांना कळत नाही. इथे त्याने स्वतः सही करून दिलंय. पत्ता खरा आहे का ते मात्र आधी बघा, पिनकोड आणि गाव जुळतं का एवढं तरी.

परराज्यातला आहे म्हणून तिकडे जावं लागणार नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. म्हणजे सांगलीतच.

कीर्तनवेड, तुमचं उत्तर वेगळं आहे, संध्याकाळी लिहिते.

---

सागर_मडगाव
२१ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

मी मडगावहून. जाळी विणण्याचे, दुरुस्तीचे व्हिडिओ टाकतो. माझं काय झालं ते सांगतो, कारण मोटारवाला भावाने हे तपासलंय का माहीत नाही.

माझा व्हिडिओ एकाने पूर्ण उचलला. मी रिक्वेस्ट भरायला बसलो. त्याआधी त्याला मेल केला होता, त्याचं उत्तर आलं: "तुम्हीच परवानगी दिलीय." बघतो तर खरंच. अपलोड करताना खाली `License` म्हणून असतं, तिथे नेहमीच्या `Standard YouTube License` ऐवजी मी `Creative Commons - Attribution` निवडलं होतं. मला वाटलेलं त्याने व्हिडिओ जास्त लोकांपर्यंत जातो. त्याचा अर्थ कोणीही घ्या, बदला, पैसेही कमवा, फक्त माझं नाव द्या.

मी लगेच ते बदललं, पण ज्याने आधी घेतलाय त्याची परवानगी त्याने जात नाही. त्याने नाव दिलं नव्हतं एवढाच मुद्दा माझ्या बाजूने राहिला. तेवढ्यावर तो ऐकला, वर्णनात माझ्या चॅनलची लिंक घातली. व्हिडिओ अजून तिथेच आहे.

---

मोटारवाला_सांगली
२१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

सागरभाऊ, आत्ता तपासलं. सगळ्यांवर स्टँडर्डच आहे. अनुराधाताई, तो टीकेचा व्हिडिओ होता त्याची रिक्वेस्ट मागे घेतली.

एक विचारतो. हे सगळे व्हिडिओ माझ्या स्टुडिओत `Matches` मध्ये कधीच का दिसले नाहीत?

---

फिल्टरकॉफी_दादर
२१ नोव्हेंबर, रात्री ८:३०

याचं मी सांगतो, मी एडिटिंगचं काम करतो आणि तीन-चार चॅनल सांभाळतो.

`Matches` पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण नकलेसाठी आहे, आणि तुम्ही तो व्हिडिओ यूट्यूबवर सगळ्यात आधी टाकलेला असला पाहिजे. छोटे तुकडे त्यात येतील असं धरू नये. तुमच्या चोराने चित्र उलटं केलं आणि सुरुवातीला ४ मिनिटं चिकटवली ती नुसती हौस म्हणून नाही. कडेला चौकट लावतात, वेग थोडा वाढवतात, आवाज बदलतात, हे सगळं त्याच कारणाने. त्यामुळे महिन्यातून एकदा हाताने शोधायचं. स्वतःच्या शीर्षकातले विचित्र शब्द टाकून शोधायचं. "पाणबुडी मोटर" टाकून हजार सापडतील, पण तुम्ही बोलता तशी एखादी खास ओळ टाकलीत तर नेमके ते सापडतात, कारण हे लोक शीर्षकसुद्धा उचलतात.

रिक्वेस्ट भरताना एक खूण असते, यापुढे याच्या नकला यूट्यूबवर येऊ नयेत अशी. ती करा. उलट्या केलेल्यांवर तिचा भरवसा नको, पण जशाच्या तशा नकलांना उपयोग होतो.

आता पुराव्याचं. ती फाइल व्हॉट्सअपवरून वकिलांना पाठवू नका, व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून छोटी होते आणि आतली तारीख वगैरे जाते. केबलने कॉम्प्युटरवर घ्या. मूळ फाइल एडिटरमध्ये उघडून परत सेव्ह करू नका, तिचं नावही बदलू नका. मग प्रत्येक तुकड्याचा हॅश काढून ठेवा. विंडोजवर काळ्या खिडकीत एवढं:

```
certutil -hashfile 20250312_101542.mp4 SHA256
```

६४ अक्षरांची ओळ येते. फाइलमध्ये एक बिट जरी बदललं तरी ती ओळ बदलते, म्हणून आज काढलेली आणि सहा महिन्यांनी कोर्टात काढलेली ओळ एकच आली तर फाइल मधल्या काळात कोणी बदलली नाही हे दिसतं. फाइल मार्चमध्येच काढली होती, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही.

तारखेसाठी exiftool लागतं, ते वेगळं उतरवून घ्या आणि मग:

```
exiftool -CreateDate 20250312_101542.mp4
```

इथे एक गोष्ट माहीत असू द्या. फाइलच्या नावात सकाळचे १०:१५ आहेत आणि आत पहाटेचे पावणेपाचच्या आसपास दिसेल. घाबरू नका. मोबाइल आतली वेळ जागतिक वेळेत लिहितो, आपली त्याच्या साडेपाच तास पुढे. हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर समोरचा म्हणेल वेळा जुळत नाहीत, फाइल बनावट आहे. काही कॅमेरे स्थानिक वेळ लिहितात, त्यामुळे तुमच्या मोबाइलवर आज एक छोटा व्हिडिओ काढून फरक बघा आणि तीही फाइल जपून ठेवा.

---

अनुराधा_व
२१ नोव्हेंबर, रात्री ९:५५

दादरकर, हे नेमकं लिहिलंत. त्याला कायद्याची जोड देते. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश लिहायची जागा आहे. त्याचे दोन भाग असतात, पहिला फाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. मोटारवाला दादा, पहिला भाग तुम्ही भराल. दुसऱ्यासाठी सांगलीत कोण मिळेल ते तुमच्या वकिलांना विचारा.

पण माझ्या मते तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा हॅश नाहीच. ते न वापरलेले दोन तुकडे आहेत. समोरच्याकडे प्रसिद्ध झालेला व्हिडिओ आहे, कोणीही डाउनलोड करू शकतो. कॉइल चुकून परत काढतानाचा तुकडा त्याच्याकडे असूच शकत नाही. त्याच टेबलावर, त्याच उजेडात, त्याच स्टेटरवर काढलेला. तो कोणालाही पाठवू नका, यूट्यूबवर तर मुळीच टाकू नका.

कीर्तनवेड, आता तुमचं. रेकॉर्डिंगचा हक्क ज्याने ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा, म्हणजे तुमचा. इथवर तुम्ही बरोबर. पण कीर्तनकार हा कायद्याने कलावंत आहे आणि त्याचं सादरीकरण रेकॉर्ड करायला त्याची संमती लागते. तुकोबांच्या अभंगावर आज कोणाचा कॉपीराइट नाही, पण त्यावरचं बुवांचं निरूपण त्यांचं आहे. तुमच्याकडे लेखी संमती आहे का? नसेल तर तुम्ही बुवांच्या चॅनलवर रिक्वेस्ट टाकाल आणि ते तुमच्या सगळ्या चॅनलवर टाकतील. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद व्हायची वेळ येते.

---

कीर्तनवेड
२१ नोव्हेंबर, रात्री १०:२०

लेखी काहीच नाही. तिपाई लावताना ते समोरच बसलेले असतात, हसून "काढ गं" म्हणतात. तेवढीच संमती. पण मग माझं नाव तरी द्यायला नको का त्यांनी?

---

अनुराधा_व
२१ नोव्हेंबर, रात्री १०:३२

द्यायला हवं असं मलाही वाटतं. तोंडी संमतीलाही अर्थ असतो, पण ती कशासाठी होती, गावासाठी की चॅनलवर टाकण्यासाठी, हा वाद तुमच्यात आणि बुवांच्यात राहणार. भेटून बोला. पुढच्या सप्ताहाला अर्ध्या पानाचं संमतीपत्र घ्या, त्यात दोघांनी कुठे काय लावायचं ते लिहा.

---

सुवर्णा_रांगोळी
२२ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

मला दुसरी बाजू सांगायचीय. माझ्याच रांगोळीच्या व्हिडिओवर एका अनोळखी चॅनलने खोटी रिक्वेस्ट टाकली आणि माझा व्हिडिओ गेला. काउंटर टाकायला बसले तेव्हा समजलं की माझं पूर्ण नाव, घरचा पत्ता, फोन त्या माणसाकडे जाणार. मी एकटी राहते. आठवडाभर तो फॉर्म उघडायची आणि बंद करायची. शेवटी ओळखीच्या वकीलताईंनी माझ्या वतीने टाकलं, त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर. ते चालतं हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं म्हणून इथे लिहिते. त्याने कोर्टात काहीच दाखल केलं नाही आणि व्हिडिओ परत आला.

रिक्वेस्ट टाकणाऱ्या बायकांनाही सांगते: हक्कदार म्हणून जे नाव लिहाल ते काढलेल्या व्हिडिओच्या जागी सगळ्यांना दिसतं, आणि मेल समोरच्याला कळू शकतो. चॅनलसाठी वेगळा मेल ठेवा. मी आता तोच वापरते.

---

निखिल_पिंपरी
२२ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

नोंदणीबद्दल मी चुकीचं सांगितलं होतं, माफ करा दादा. पण एक अजूनही पटत नाही. एका व्हिडिओसाठी सांगली कोर्टात दावा, वकिलाची फी, तारखा... दहा तर गेलेच ना? त्या एकाला सोडून द्या की. त्याच्यावर रिक्वेस्ट टाकण्याऐवजी सात दिवसांची मुदत देणारा पर्याय असतो, त्यात समोरचा स्वतः काढतो आणि त्याला स्ट्राइक लागत नाही. तो निवडला असता तर इथवर आलंच नसतं.

---

फिल्टरकॉफी_दादर
२२ नोव्हेंबर, दुपारी १:२५

सात दिवसांचा पर्याय मीही वापरतो, पण कोणासाठी ते बघून. चाहत्याने किंवा शाळेने लावला असेल तर तोच. ११ व्हिडिओ उलटे करून लावणाऱ्याला सात दिवस दिले तर तेवढ्यात तो दुसऱ्या चॅनलवर हलवतो. आणि रिक्वेस्ट टाकायच्या आधी पानाचे स्क्रीनशॉट, वर्णन, तारीख, शक्य तर पूर्ण व्हिडिओ उतरवून ठेवायचा. एकदा काढला की तुम्हालाही दिसत नाही. दादा, ठेवलाय ना?

---

मोटारवाला_सांगली
२२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

ठेवलाय. माझ्या भाच्याने सगळे ११ उतरवून ठेवले होते, नशीब.

आज दोघांनी बसून मोजणी केली. त्याच्या व्हिडिओत ४:१० पासून २२:०५ पर्यंत माझा व्हिडिओ ०:०० ते १७:५५ जसाच्या तसा आहे, फक्त उलटा. भाच्याने तो परत सरळ केला आणि शेजारी माझा लावला. दोन्हींत एकाच क्षणी माझा मुलगा मागून चहा घेऊन येतो. कॅलेंडर सरळ झाल्यावर महिना वाचता येतो. याचे सहा फोटो छापून घेतले. दादरकर, वेळेचं तुम्ही म्हणालात तसंच निघालं. आजच्या चाचणीच्या व्हिडिओतही साडेपाच तासांचाच फरक.

निखिल, तुझं म्हणणं कळतं. पैशाचं गणित मीही केलं. पण हा जो एक आहे, तो ३ एचपीचं पूर्ण रिवायंडिंग आहे, आणि पोरं त्यावरूनच पहिली मोटार भरतात. तो उलटा व्हिडिओ परत लागला तर अजून किती जणांचा फेर उलटा जाईल? मला फोन येणार, "दादा तुमचा व्हिडिओ बघून". सोमवारी सांगलीत वकिलांना भेटतोय.

---

अनुराधा_व
२२ नोव्हेंबर, रात्री ९:४५

वकिलांना सांगा की दाव्यात त्याचं काउंटरमधलं नाव आणि त्या व्हिडिओची नेमकी लिंक हवीच, आणि तो व्हिडिओ दाखवण्यास मनाई मागा. नुसती नुकसानभरपाई मागितलेला दावा पाठवला तर अडकू शकतं. हे व्यापारी न्यायालयात जाईल की नाही, आधी मध्यस्थी लागेल का, हे रकमेवर आणि तातडीच्या मनाईवर ठरेल. ते तिथलेच वकील सांगतील, मी कागद न बघता बोलणार नाही. दाखल झाल्याचा क्रमांक मिळाला की त्याच मेलला उत्तर म्हणून प्रत पाठवा, नवा मेल लिहू नका.

---

मोटारवाला_सांगली
२ डिसेंबर २०२५, संध्याकाळी ७:२०

काल दावा दाखल झाला, क्रमांक मिळाला. रात्री त्याच मेलला उत्तर म्हणून प्रत पाठवली. आज दुपारी उत्तर आलं की व्हिडिओ बंदच राहील. मनाईच्या अर्जावर पहिली तारीख पुढच्या आठवड्यात आहे. समन्स त्या पत्त्यावर जाईल, तिथे तो सापडतो का ते बघायचं.

दरम्यान कालच आणखी एक सापडला, वेगळ्या चॅनलवर. चित्र सरळ आहे पण आवाज हिंदीत दुसऱ्याचा, आणि कडेला चौकट. त्याचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवलेत. यात आवाज माझा नाही, तर रिक्वेस्टमध्ये फक्त चित्राचं लिहायचं का?

---

फिल्टरकॉफी_दादर
२ डिसेंबर, रात्री ८:०५

हो, चित्र तुमचं आहे तेवढ्याचंच लिहा आणि वेळा नेमक्या द्या. भाच्याला परत बसवा, चौकट कापून दोन्ही शेजारी लावायला सांगा. आणि बोलण्याचं भाषांतर तुमच्याच वाक्यांचं आहे का तेही ऐका, तसं असेल तर मुद्दा वेगळा होतो. त्यावर अनुराधाताईच सांगतील.